दिलेली दावत परत घेताना

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात पुतण्याचं लग्न झालं. शुक्रवारी मशिदीत निकाह आणि रविवारी दुपारी हॉलमध्ये वलीमा. भाईजानने यादीचं काम माझ्यावर टाकलं. मी नोकरीवाला माणूस, कामाला वेळ कमी, म्हणून चार वर्षांपूर्वीच्या पुतणीच्या लग्नाची वही काढली, वारलेल्यांची नावं खोडली, नव्या सोयरिकी जोडल्या आणि यादी कार्ड वाटणाऱ्या पोराच्या हातात दिली. दोन दिवसांत तीनशे कार्डं गावभर पोहोचली. त्यातलं एक कार्ड जिथं जायला नको होतं, तिथंही पोहोचलं.

माझ्या चुलत बहिणीचा दोन वर्षांपूर्वी खुला झाला. सहा वर्षांचा मुलगा तिच्याजवळ असतो. जुन्या वहीत तिच्या सासरचं नाव होतं आणि ते मी खोडलंच नव्हतं. लग्नाला नऊ दिवस असताना तिचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, "भाईजान, वो लोगां भी आ रहे क्या?" रागावली नव्हती. पण तिच्या आवाजावरून मला कळलं की ते आले तर ही येणार नाही, आणि का आली नाही ते कुणाला सांगणारही नाही.

रात्री घरात खल झाला. मामू म्हणाले, जाऊ दे, मर्दाना वेगळा आणि जनाना वेगळा, समोरासमोर येतातच कुठे? भाभी म्हणाल्या, हॉल लहान आहे, घरटी एकच माणूस यावा, असा व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांनाच टाकू, म्हणजे कुणा एकाला लागणार नाही. भाईजानचं म्हणणं, त्यांच्या ओळखीच्या कुणाकडून तरी कानावर घालू. तो समजदार आहे, समजून घेईल.

आपल्या समाजात दावतीचे निम्मे रुसवे या 'समजून घेईल'मधून जन्माला येतात असं माझं मत आहे, आणि तेच या लेखात मांडायचं आहे. बोलावणं बदलायचं असेल, कुणाला जोडायचं असो की वगळायचं, ते यजमानाने स्वतः, त्याच माणसाला, तोंडाने सांगावं. आणि त्याच्या आधी ते दुसऱ्या कुणाला कळू नये. माणसाला वगळल्याचं दुःख होतंच, पण ते पचतं. आपल्याला वगळलंय हे तिसऱ्याच्या तोंडून कळणं पचत नाही.

त्या रात्रीचे तिन्ही उपाय या कसोटीवर लावून पाहा. मर्दाना-जनाना वेगळा असला तरी सहा वर्षांचं पोर दोन्हीकडे पळतं. बाप दिसला की ते त्याचा हात धरून आईकडे ओढत नेणार. व्हॉट्सअ‍ॅपची युक्ती तर एकाचं दुखणं तीनशे घरांवर वाटणारी. आमच्याकडे कार्डावर 'मअ अहलो अयाल' छापलेलं असतं, मराठी कार्डावर 'सहकुटुंब सहपरिवार'. खेड्यात तर चूलबंद आमंत्रण म्हणतात, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. असं बोलावून मग 'घरटी एक' म्हटलं, तर बाकीच्यांनी काय समजावं? शिवाय कारण खोटं. एक किलो तांदळाच्या बिर्याणीत आठ-दहा माणसं जेवतात, म्हणजे चार माणसांनी देग हलत नाही, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. खोटं कारण ज्याला दिलं त्याला ते खोटं आहे हे तर कळतंच, पण खरं कारण कळत नाही. मग तो स्वतःच एखादं शोधतो, आणि ते नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतं.

तिसरा उपाय मध्यस्थाचा. मध्यस्थ निरोप जसाच्या तसा नेत नाही. तो आपल्याला वाईटपणा येऊ नये म्हणून त्यात चार शब्द घालतो, आणि बहुधा त्यात 'मुलीकडच्यांनी सांगितलंय' हे येतंच. म्हणजे माझी चूक माझ्या बहिणीच्या माथी.

म्हणून दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर मीच गेलो. एकटा, कारण दोघं गेलं की ती पंचायत वाटते. चहा येण्याआधीच विषय काढला. चहा पिऊन झाल्यावर असं बोललं की प्यायलेला चहाही कडू होतो. मी म्हणालो, "कार्ड माझ्या चुकीने आलं. जुनी यादी मी तपासली नाही. वलीम्याला तिची आणि मुलाची अडचण होईल, म्हणून तुम्ही येऊ नये अशी माझी विनंती आहे. तिने सांगितलेलं नाही, मी सांगतोय." ते खरंच होतं, तिने फक्त विचारलं होतं. कार्ड परत मागितलं नाही. 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असंही म्हणालो नाही. ते ऐकायला नम्र असतं, पण निर्णय त्याच्यावर ढकलणारं असतं. मग तो आला तरी त्याचं चुकलं आणि न आला तरी कुणी बोलावलं नाही. निकाहबद्दल मात्र स्पष्ट सांगितलं की मशीद आमची खासगी नाही, तिथं यायला माझी काही हरकत असूच शकत नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला आणि 'ठीक है' म्हणाला. मला वाटलं, झालं. तेवढ्यात आतून त्याच्या अम्मींचा आवाज आला, "और मैं?"

इथं माझी दुसरी चूक उघडी पडली. कार्ड घराला गेलं होतं आणि मी विचार केला होता एका माणसाचा. घराला दिलेल्या बोलावण्यातून एक नाव काढलं, की बाकीच्यांचं काय हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्याचं उत्तर घरातून निघतानाच खिशात असायला हवं होतं. माझ्याकडे ते नव्हतं. ती बाई त्या पोराची दादी. मी म्हणालो, विचारून सांगतो. यापेक्षा वाईट उत्तर नाही. एक रात्रभर ती माऊली ना बोलावलेली, ना वगळलेली.

घरी येऊन बहिणीला फोन केला. ती लगेच म्हणाली, "दादी को आने दो." सकाळी पुन्हा त्या दारात गेलो. 'तुम्ही आलात तरी चालेल' असं म्हणालो असतो तर ते उरल्यासुरल्या बोलावण्यासारखं झालं असतं. जुनं बोलावणं मोडलं होतं, म्हणून नवं दिलं, त्यांच्या नावाने: "खाला, रविवारी दुपारी तुम्ही वलीम्याला या, तुमच्या नातवाजवळ बसा. न्यायला गाडी पाठवतो." कोण येणार, कशाला आणि कधी, तिन्ही गोष्टी स्पष्ट. मग जनान्याची व्यवस्था पाहणाऱ्या भाभींना सांगून ठेवलं की खाला येणार आहेत, दारात कुणी 'अरे, तुम्ही?' असं म्हणू नये. नवं माणूस जोडलं की ही दुसरी पायरी लोक विसरतात, आणि सगळा नाजूकपणा दारातल्या एका आश्चर्याने वाया जातो.

आता पाहुण्याच्या बाजूची गोष्ट. बोलावणं फक्त यजमानच बदलतो असं नाही. रविवारी सकाळी मला तीन संदेश आले: साला आलाय, त्याला घेऊन येतोय. विचारणं नाही, नुसतं कळवणं. याबाबत दोन हदीस आपल्याला वाचून माहीत असतात, पण वागण्यात येत नाहीत. मदिन्यात अबू शुऐब नावाच्या अन्सारीने खाटीककाम करणाऱ्या आपल्या गुलामाला पाच जणांचं जेवण करायला सांगून प्रेषितांना बोलावलं. वाटेत आणखी एक माणूस मागे लागला. दारात पोहोचल्यावर प्रेषितांनी यजमानाला सांगितलं की हा आमच्यासोबत आला आहे, हवं तर परवानगी द्या, नाहीतर तो परत जाईल. त्याने परवानगी दिली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. दुसरी सहीह मुस्लिममधली. एका इराणी शेजाऱ्याने, ज्याचा रस्सा चांगला व्हायचा, प्रेषितांना जेवायला बोलावलं. त्यांनी हजरत आयेशांकडे निर्देश करून विचारलं, यासुद्धा? तो नाही म्हणाला. मग प्रेषितही नाही म्हणाले. असं पुन्हा झालं आणि तिसऱ्या वेळी तो हो म्हणाला.

मला यात विशेष वाटतं ते हे, की दोन्ही ठिकाणी 'नाही' म्हणायला खरीखुरी जागा होती. शेजारी तर दोनदा नाही म्हणाला आणि कुणी रुसलं नाही. विचारणं म्हणजे नकाराची वाट आधी मोकळी करून देणं. आपला संदेश असा असावा: "साला पाहुणा आलाय, जागा असेल तर आणतो, नसेल तर तो घरी थांबेल." आणि तो यजमान भटाऱ्याला आकडा द्यायच्या आधी जावा. आमचा आकडा गुरुवारी रात्री गेला होता. त्यानंतर विचारणं म्हणजे विचारल्याचं नाटक.

कुणी म्हणेल, दिलेली दावत परत घेणं हाच अपमान, चार तास सहन करायचे होते. बऱ्याच वेळा हे खरंही आहे. अडचण माझी असेल, म्हणजे जुनं भांडण, पैशांची तेढ किंवा माझ्या मनातली अढी, तर कार्ड गेलं ते गेलं, मी सहन करावं. पण अडचण जेव्हा दुसऱ्या पाहुण्याची असते, आणि तोही बोलू न शकणारा, तेव्हा माझं गप्प बसणं म्हणजे त्याला गुपचूप वगळणंच आहे. कुणाला तरी मी वगळतोच आहे. मग ज्याला सांगून वगळता येतं, त्याला सांगावं.

शुक्रवारी तो मशिदीत आला. निकाह झाला, छुहारे वाटले गेले, त्याने भाईजानला मुसाफा केला आणि निघून गेला. रविवारी खाला आल्या. नातवाला मांडीवर घेऊन त्यांनी बिर्याणी भरवली, स्वतः दोन घास खाल्ले. निघताना मला म्हणाल्या, "तू खुद आया, अच्छा किया." पहिल्या वेळेबद्दल म्हणाल्या की दुसऱ्या, ते मी विचारलं नाही.

ती वही आता मी फाडून टाकली आहे. पुढच्या लग्नाला यादी कोऱ्या कागदावर करणार.