सत्तर तपासण्या नकोत, फेरिटिन हवे

अंबड तालुक्यातल्या एका बाईंनी आपल्या फॅमिली डॉक्टरांना लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या परवानगीने वाचायला मिळाली. वय ३१, पदरात दोन मुलं. मागास प्रवर्गाला पोलीस शिपाई भरतीसाठी ३३ वर्षांपर्यंतच अर्ज करता येतो, म्हणजे हाताशी दोनच वर्षं. बाई लिहितात, "डॉक्टरसाहेब, सोमवारपासून रोज पहाटे ग्राउंडला जायचं ठरवलंय. अकॅडमीतले सर म्हणाले, आधी रक्त तपासून या. लॅबवाले सांगतात, सत्तर तपासण्यांचं पॅकेज घ्या, सगळं कळतं. ते करू का? की तुम्ही सांगाल तेवढंच करू?" आणि मग शेवटी, सही करायच्या आधी आठवलं म्हणून लिहावं तशा दोन ओळी: "धाकट्याच्या वेळेपासून पाळीत पहिले तीन दिवस फार जातं, दोन तासांत पॅड बदलावं लागतं. तांदूळ निवडताना कच्चेच तोंडात टाकायची सवय लागलीय, घरचे हसतात."

प्रश्न वरच्या ओळींत आहे आणि त्याचं उत्तर या खालच्या दोन ओळींत. कच्चे तांदूळ, भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ असं काहीबाही खावंसं वाटणं हे शरीरातलं लोह आटल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. लोह भरून निघालं की ही इच्छा आपोआप जाते. घरोघरी त्यावर हसतात, बाईला रागावतात, पण डॉक्टरांच्या कानावर ते घालत नाहीत. या बाईंनी घातलं, हे फार चांगलं केलं.

डॉक्टरांनी पॅकेज बाजूला ठेवलं आणि चारच तपासण्या लिहून दिल्या: सीबीसी, फेरिटिन, टीएसएच आणि उपाशीपोटी साखर. यातल्या पहिल्या दोन तपासण्या मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक बाईने समजून घ्याव्यात, इतक्या मोलाच्या आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा आकडा हिमोग्लोबिनवरून काढलेला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. पण शरीर लोहाची उधळपट्टी करत नाही. खर्च वाढला की आधी साठ्यातलं लोह उचललं जातं, आणि तो साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ सावरून धरलेलं असतं. ते सगळ्यात शेवटी घसरतं. म्हणजे १२ च्या वर असलेल्या अनेक जणीही आतून रित्या असतात, आणि त्या या ५४ टक्क्यांत मोजल्याच जात नाहीत. हा साठा दाखवणारी तपासणी म्हणजे फेरिटिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने धडधाकट प्रौढ व्यक्तीचं फेरिटिन १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं की लोहाची कमतरता निश्चित धरावी. व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात.

बाईंचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १२.१, पुढे तारा नाही, लाल अक्षर नाही. अकॅडमीला दाखवायला पुरेसा. पण त्याच कागदावर खाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ७७ होता. तो साधारण ८० ते १०० असायला हवा. आरडीडब्ल्यू वाढलेला, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही मोठ्या, काही बारीक. आणि फेरिटिन ७. साठा संपलेला.

अशा अवस्थेत मैदानावर काय होतं? महिलांच्या शारीरिक चाचणीत ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक मिळून ५० गुण असतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ८०० मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पहिली फेरी बाई जिद्दीवर काढते, दुसरीत पाय जड होतात, दम पुरत नाही. लोह फक्त रक्तातला प्राणवायू वाहून नेत नाही, स्नायूंच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही ते लागतं. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असतानाही सराव अंगाला लागत नाही. आठवड्यांमागून आठवडे वेळ तेवढीच राहते आणि सर म्हणतात, तुझी इच्छाशक्ती कमी पडतेय. एका सुईने कळणाऱ्या गोष्टीसाठी बाईच्या जिद्दीला बोल लावला जातो, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

फेरिटिनची एक खोड मात्र लक्षात ठेवायला हवी. अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असली की ते खोटंच वाढलेलं दिसतं. नुकताच ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबून रक्त द्यावं. फेरिटिनऐवजी नुसतं 'सीरम आयर्न' करून समाधान मानू नये. ते दिवसभरात खाली-वर होत राहतं आणि आदल्या दिवशी घेतलेल्या गोळीनेही फुगतं. आणि एमसीव्ही कमी पण फेरिटिन चांगलं, असं उलटं चित्र दिसलं तर लोहाच्या गोळ्या रेटत बसू नये. तिथे थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता असते, त्यासाठी हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी करावी लागते. 'रक्त कमी आहे, गोळ्या सुरू करा' असं नुसत्या डोळ्यांच्या फिकेपणावरून ठरवू नये, ते याचसाठी.

टीएसएच लिहिण्याला कारण होतं. थायरॉइड मंद झालं तर थकवा येतोच, पण पाळीतला स्रावही वाढतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवाव्यात, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकतात. साखर लिहिली ती बाईंच्या आईला मधुमेह आहे म्हणून, आणि तीही उपाशीपोटीची. पॅकेजमध्ये हमखास असणारी एचबीए१सी इथे दगा देऊ शकते, कारण लोह कमी असताना तो आकडा खराखुरा नसतानाही वाढलेला येऊ शकतो. एका कमतरतेपायी बाईच्या माथी मधुमेहाची भीती नको.

पॅकेजचा धोका नेमका असाच असतो. समजा बाईंनी सराव सुरू करून आठवड्याने ते केलं असतं. सवय नसलेल्या अंगाने धावलं, उठाबशा काढल्या की दुखावलेल्या स्नायूंतून सीपीके आणि एसजीओटी रक्तात उतरतात. एसजीओटीला लोक यकृताची तपासणी समजतात. मग लिव्हर खराब झालं म्हणून सोनोग्राफी, पथ्य, घरात रडारड, आणि ग्राउंड बंद. रक्त द्यायचं ते सराव सुरू होण्याआधी, किंवा आठवडाभर जोराचा व्यायाम न करता.

आणि सत्तर तपासण्यांमध्येही न सापडणारी एक गोष्ट आहे, हृदय. धावताना कधी घेरी येऊन पडलात का, छातीत दाबल्यासारखं होतं का, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? शेवटचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, कारण त्या तापाने हृदयाची झडप खराब होते आणि तरुणपणी धाप लागेपर्यंत कळतही नाही. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर आधी स्टेथोस्कोप, रक्तदाब, ईसीजी, गरज पडल्यास इको, धावणं त्यानंतर. या बाईंची सगळी उत्तरं 'नाही' होती आणि रक्तदाब ठीक होता.

म्हणून डॉक्टरांनी सराव थांबवला नाही. पहिले काही आठवडे चालणं आणि बोलता येईल इतपत हळू धावणं, घड्याळ लावून ८०० मीटर नाही. सोबत ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी, एक दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी. एक गोळी घेतल्यावर शरीर दिवसभर पुढचं लोह शोषायला नाखूश असतं, म्हणून रोज दोन-दोन घेऊन फारसं साधत नाही, पोट मात्र बिघडतं. गोळीनंतर दोन तास चहा बंद. पाण्यात लिंबू पिळून गोळी घ्यावी. जालन्यात मोसंबीला तोटा नाही, तीही चालेल. बाजरीत लोह असतं खरं, पण त्यातल्या फायटेटमुळे ते अंगी फार थोडं लागतं, त्यामुळे फक्त भाकरी वाढवून इतका रिता साठा भरत नाही. शौचाला काळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. आशाताईंकडून मिळणारी आठवड्याची लाल गोळीही ६० मिलिग्रॅमचीच, पण ती कमतरता होऊ नये म्हणून आहे. झालेली कमतरता आठवड्याच्या एका गोळीने भरून निघायची नाही.

एक महिन्याने सीबीसी, तीन महिन्यांनी फेरिटिन. आकडा हलला नाही तर गोळी खरंच घेतली जाते का ते आधी पाहायचं, आणि मग गळती कुठे आहे ते. या बाईंची गळती तर चिठ्ठीतच लिहिलेली होती. दर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण ४० मिलिग्रॅम लोह जातं. पाळीचा स्राव आटोक्यात आला नाही तर वर्षभर गोळ्या खाऊनही साठा भरणार नाही, म्हणून गर्भाशयाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी डॉक्टरांनी त्याच दिवशी दिली. बायका हा विषय 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून मागे टाकतात. तो मागे टाकण्यासारखा नाही.

जालना जिल्ह्यातल्या भरती अकॅडम्यांना एक आग्रहाची सूचना. प्रवेशाच्या अर्जावर उंची आणि वजन विचारता, त्याखाली आणखी तीन रकाने छापा: पाळीत स्राव फार होतो का, धावताना कधी घेरी आली आहे का, शेवटचं फेरिटिन किती. हे रकाने मुलींनी महिला प्रशिक्षकाकडे भरून द्यावेत. आणि आरोग्य विभागाने अंबड, भोकरदन, परतूर, मंठा इथे फेरिटिन मोफत होईल असं पाहावं. भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला त्यासाठी मजुरीचे पैसे मोजून खासगी लॅब गाठावी लागू नये.