एकच खेळ, दोन भाव

सकाळच्या खेळाला शंभर रुपये आणि संध्याकाळी त्याच चित्रपटाला, त्याच खुर्चीवर दोनशे रुपये. व्यापारी घरातील माणसाला हे पाहून प्रश्न पडतो की शंभरात परवडत असेल, तर दोनशे कशासाठी घ्यावेत? आणि दोनशे मिळत असतील, तर शंभर का सोडावेत? अर्थशास्त्रात या पद्धतीला मूल्यभेद म्हणतात. तिचे मर्म हिशेबातच आहे.

समजा, एका तालुक्याच्या गावी एकपडदा चित्रपटगृह आहे. सोपेपणासाठी कर बाजूला ठेवू. तिकिटाच्या रकमेतील निम्मा वाटा वितरकाचा, निम्मा मालकाचा. एक खेळ चालवायला वीज आणि कामगार मिळून पाच हजार रुपये लागतात. सकाळी दोनशे रुपये दर ठेवला, तर चाळीसच प्रेक्षक येतात. आठ हजारांपैकी चार हजार मालकाकडे राहतात आणि खेळ एक हजाराच्या तोट्यात जातो. दर शंभर केला, तर महाविद्यालयातील मुले, गृहिणी आणि निवृत्त मंडळी मिळून दीडशे प्रेक्षक येतात. पंधरा हजारांपैकी साडेसात हजार मालकाचे. खर्च वजा जाता अडीच हजार शिल्लक राहतात. दर निम्मा केल्यामुळेच तोट्यातला खेळ नफ्यात आला.

परंतु हिशेब येथे संपत नाही. त्या दीडशेमध्ये काही जण असे असतात, जे एरवी संध्याकाळी दोनशे देऊन आलेच असते. असा प्रत्येक प्रेक्षक सकाळकडे वळला की संध्याकाळच्या उत्पन्नातून मालकाच्या वाट्याचे शंभर रुपये जातात. असे वीस निघाले, तर दोन हजार गेले आणि खरा लाभ पाचशेच उरला. तीस निघाले, तर पाचशेचा तोटा. पंचवीस ही सीमारेषा. संध्याकाळचा खेळ एरवीही पूर्ण भरत असेल, तर मात्र रिकामी झालेली खुर्ची दुसरा कोणी घेतो आणि ही झळ बसत नाही. म्हणून सवलतीचे यश सकाळच्या गर्दीवरून मोजू नये. सकाळ भरली आणि त्याच आठवड्यात संध्याकाळ ओसरली, तर गिऱ्हाईक वाढले नाही, केवळ स्वस्ताकडे सरकले, असे समजावे.

हे सरकणे रोखण्यासाठी दोन भावांमध्ये कुंपण लागते. सकाळच्या खेळाला ते वेळेचे असते. नोकरी-धंद्यातील माणसाला अकरा वाजता सवड नसते. विद्यार्थी सवलतीत ओळखपत्र हे कुंपण. पैसे कमी पण वेळ भरपूर, अशा गिऱ्हाइकाला ते ओलांडता येते, दुसऱ्याला येत नाही. फ्रान्समधील अभियंते ज्यूल द्युप्युई यांनी 1849 साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांविषयी हेच दाखवून दिले होते. डब्यावर छत घालण्याचा खर्च फार नव्हता, पण दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून ते उघडे ठेवले जात. त्यात गरिबाला मात्र विनाकारण त्रास झाला. कुंपण कसे घालावे, हा म्हणूनच नीतीचाही प्रश्न आहे.

दुसरी अट अशी की स्वस्तात घेणाऱ्याला माल पुढे विकता येऊ नये. सकाळचे तिकीट संध्याकाळी चालत नाही, केस कापून घेतलेला माणूस ती सेवा दुसऱ्याला देऊ शकत नाही. पण विद्यार्थ्यांना स्वस्त साखर द्यायचे कोणा किराणा दुकानदाराने ठरवले, तर महिनाभरात गावभरची साखर विद्यार्थ्यांच्या नावावर जाईल. शिवाय शेजारीच तसाच माल सर्वांना कमी भावात देणारा दुकानदार असेल, तर जास्त भाव देणारा गिऱ्हाईक तिकडे वळेल. म्हणून मूल्यभेद चित्रपटगृह, शिकवणी, प्रवास आणि हॉटेलच्या खोल्या यांत रुजतो, धान्याच्या गोण्यांत नाही. घाऊक खरेदीवरची सूटही सहसा वेगळ्या जातीची असते. तेथे वजन, बांधणी आणि उधारीची जोखीम यांतला वाचलेला खर्चच बराचसा परत दिला जातो.

एक भेद मात्र दुकानदाराने जपावा. फलकावर लिहिलेली सवलत प्रत्येकाला दिसते. तिची अट पूर्ण करायची की नाही, हे गिऱ्हाईक ठरवतो. चेहरा किंवा कपडे पाहून सांगितलेला भाव हाही मूल्यभेदच, पण त्याला कुंपण नसते. एकाच लग्नघरात दोन जावा भेटल्या आणि एकाच साडीचे दोन भाव निघाले, की जास्त भाव दिलेली जाऊ पुन्हा त्या पेढीची पायरी चढत नाही. संध्याकाळच्या खेळाचे दोनशे देणाऱ्याला वाईट वाटत नाही, कारण शंभराचा फलक त्यानेही वाचलेला असतो.