पेनिसिलिनची ‘ॲलर्जी’: नक्की काय झालं होतं, तेही लिहून घ्या

माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली



आभा क्रमांकाला जोडून रुग्णाची जी डिजिटल आरोग्यनोंद तयार होते आहे, तिच्यातल्या एका रकान्याबद्दल हे पत्र आहे. रकाना ॲलर्जीचा. मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी फिजिशियन आहे. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असं वर्षानुवर्षं सांगत आलेल्या माणसांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

माझ्याकडे एक 27 वर्षांची बाई आली. लहानपणी रुमॅटिक ताप येऊन गेलेला, त्यात हृदयाची मायट्रल झडप थोडी आकसलेली. असा ताप पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 3 आठवड्यांनी घ्यावं लागतं, बारा लाख युनिटचं, कमरेत, खोल स्नायूत. ताप पुन्हा आला की झडप आणखी बिघडते, म्हणून हे इंजेक्शन अनेक वर्षं चुकवायचं नसतं. तिच्या फाईलवर मात्र लाल शाईने लिहिलं होतं, ‘पेनिसिलिन ॲलर्जी’. इंजेक्शन बंद होऊन 11 वर्षं झाली होती. त्याऐवजी एरिथ्रोमायसिन, रोज दोनदा. तिने सरळ सांगितलं की गोळ्यांनी पोटात ढवळतं, म्हणून ती त्या निम्म्याच घेते.

नक्की काय झालं होतं, ते फाईलमध्ये कुठेच नव्हतं. तिच्या आईला ते लख्ख आठवत होतं. सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात गेल्या, रांगेत बराच वेळ उभ्या राहिल्या. इंजेक्शन दिलं, मुलगी उठून दोन पावलं चालली आणि कोसळली. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. टेबलावर आडवं करून सलाईन लावलं, तर पाच-दहा मिनिटांत बोलायला लागली. अंगावर गांधी उठल्या का? नाही. खाज? नाही. ओठ, पापण्या सुजल्या? धाप लागली? नाही. याआधीची तीन वर्षांची इंजेक्शनं? एकाचाही त्रास नाही.

हे वर्णन ॲलर्जीचं नाही, भोवळीचं आहे. वेदनेने आणि भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब पडतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस खाली जातो. आडवं केलं की सावरतो. बेंझाथिनचं इंजेक्शन चांगलंच दुखतं, त्यामुळे असं होण्यात नवल नाही. खऱ्या ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुधा पळते, कातडी लालबुंद होते, खाज सुटते, घसा आवळतो, छातीत घुरघुर होते आणि नुसतं झोपवून ते थांबत नाही. मांडीत ॲड्रेनलिन द्यावं लागतं. त्या दिवशी कुणी मनगट धरून नाडी मोजून लिहिली असती, तर लाल शाई लागलीच नसती.

ॲलर्जी आणि दुष्परिणाम यांतला फरक इथेच स्पष्ट सांगते. अमॉक्सिसिलिनने जुलाब होतात, कारण ते आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं. मळमळ होते, काहींना बुरशीचा संसर्ग होतो. हा औषधाच्या नेहमीच्याच कामाचा उपद्रव. तो कुणालाही होऊ शकतो आणि पुन्हा औषध दिलं म्हणून सहसा जिवावर बेतत नाही. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा औषधाला शत्रू म्हणून ओळखते. तात्काळ ॲलर्जीत आयजीई नावाची प्रतिद्रव्यं काम करतात, आणि डोस घेतल्यापासून साधारण तासाभरात गांधी, सूज, धाप दिसू लागते. पुढच्या वेळी ती आणखी भयंकर असू शकते, म्हणून तिची नोंद हवीच. आईला किंवा भावाला ॲलर्जी आहे म्हणून स्वतःच्या नावापुढे लिहून घेतलेली ‘ॲलर्जी’ या दोन्हींत बसत नाही. तीही मी बऱ्याच केसपेपरांवर पाहते.

सगळ्यात जास्त घोळ पुरळाचा होतो. मुलाला ताप येतो, डॉक्टर अमॉक्सिसिलिन देतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगभर बारीक लाल पुरळ. ताप विषाणूचा असेल तर पुरळही बहुतेक वेळा विषाणूचंच, पण दोष औषधाला लागतो आणि ते मूल आयुष्यभर ‘ॲलर्जिक’ ठरतं. माँट्रियलच्या डॉक्टरांनी असा संशय असलेल्या 818 मुलांना देखरेखीखाली पुन्हा अमॉक्सिसिलिन दिलं, तर 94 टक्के मुलांना काहीही झालं नाही. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पण याच पुरळात एक जात जीवघेणी आहे: कातडी सोलवटते, तोंडात-डोळ्यांत जखमा होतात, किंवा तापासोबत यकृत-मूत्रपिंड बिघडतं. ज्याला हे झालं, त्याला ते औषध पुन्हा द्यायचं नाही, चाचणी म्हणूनसुद्धा नाही. नोंदीत नुसतं ‘पुरळ’ लिहिलं तर विषाणूचं पुरळ आणि ही कातडी एकाच पंगतीत बसतात.

शिवाय खरी तात्काळ ॲलर्जीही कायमची नसते. औषधापासून दूर राहिलं तर 10 वर्षांत सुमारे 80 टक्के लोकांची संवेदनशीलता ओसरते. फाईलवरची शाई मात्र ओसरत नाही.

आपल्याकडे या लेबलांचा आणखी एक उगम आहे, तो म्हणजे टेस्ट डोस. हातावर कातडीत थोडं औषध टोचायचं, वीस मिनिटांनी फोड बघायचा. प्रमाणित चाचणीत बेंझिलपेनिसिलिन दर मिलिलिटरला 10,000 युनिटपेक्षा दाट नसतं, टोचतात ते मिलिलिटरचा काही शतांश, आणि शेजारी सलाईन व हिस्टामिन टोचून तुलना करतात. आता दहा लाख युनिटची वायल 5 मिलिलिटर पाण्यात विरघळवा: दर मिलिलिटरला दोन लाख युनिट, म्हणजे वीसपट दाट. तेच टोचलं तर ॲलर्जी नसलेल्याही कातडीला झोंबतं, लाली येते आणि नोंद होते ‘पॉझिटिव्ह’. तुलनेला सलाईन टोचलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. उलट, ‘निगेटिव्ह’ आली म्हणून ॲड्रेनलिनची कुपी कपाटात कुलूपबंद राहते, हे तर अधिक वाईट.

आता त्या बाईकडे परत येते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2020 साली पेन-फास्ट नावाची छोटी गुणपद्धत मांडली. प्रकार 5 वर्षांच्या आतला आहे का? असल्यास 2 गुण. ॲनाफिलॅक्सिस, चेहऱ्याची सूज किंवा कातडीचा गंभीर प्रकार होता का? 2 गुण. त्यावर उपचार करावे लागले का, किंवा ते आठवतच नाही का? 1 गुण. तीनपेक्षा कमी गुण म्हणजे खरी ॲलर्जी असण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या खाली. सलाईन लावल्याचा 1 गुण धरूनही बाईचे गुण एकच. अशा कमी जोखमीच्या प्रौढांना आधी कातडीची चाचणी करावी की थेट तोंडाने डोस द्यावा, हे 377 जणांवर तपासलं गेलं आणि 2023 साली निष्कर्ष आला. दोन्ही गटांत तोंडाने दिलेल्या डोसची चाचणी पॉझिटिव्ह आली ती फक्त एकेकाची. कातडीच्या चाचणीने काही जादा पदरात पडलं नाही.

आम्ही तिला खाऊन यायला सांगितलं. रक्तदाब, नाडी लिहिली, ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवलं आणि अमॉक्सिसिलिनची 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिली. तासभर बसवून ठेवलं. काही झालं नाही. उशिराच्या पुरळासाठी पुढचे पाच दिवस फोनवर चौकशी केली. तेव्हाही काही नाही. मग बेंझाथिन पुन्हा सुरू केलं, पण आडवं झोपवून, पोटात अन्न-पाणी असताना, आणि नंतर अर्धा तास न उठवता. तिची झडप फार बिघडलेली असती तर मी हे केलं नसतं. गंभीर झडपविकारात इंजेक्शननंतरची भोवळच हृदयाला पेलत नाही, म्हणून अशा रुग्णांना तोंडाने औषध देण्याचा विचार करावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 साली सांगितलं आहे. अशा भोवळीने झालेले मृत्यूही ॲलर्जीच्या खाती जातात आणि बाकीच्यांच्या इंजेक्शनची धास्ती वाढवतात. प्रत्यक्षात 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत 32,430 इंजेक्शनांमागे ॲनाफिलॅक्सिसचे प्रकार होते 4.

आता तुमच्या कामाचं. तिच्या जुन्या फाईलवरची नोंद मी खोडली, तारीख घातली, सही केली. दोन महिन्यांनी ती दुसऱ्या एका रुग्णालयात दाढ काढायला गेली. तिथल्या संगणकात जुनं ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ तसंच होतं, आणि तेच पुढे डिस्चार्ज कार्डावर उतरलं. कागदाची चूक निदान एका फाईलपुरती असायची. तुमच्या व्यवस्थेत ती आभा क्रमांकाबरोबर गावोगाव जाणार आहे.

गंमत अशी की यावरचा इलाज तुमच्याच घरात आहे. नोंदींसाठी तुम्ही एफएचआयआर हा आराखडा स्वीकारला आहे. त्यातल्या `AllergyIntolerance` या नोंदीत `type` नावाचा रकाना आहे, त्यात `allergy` आणि `intolerance` वेगळे करता येतात. काय दिसलं आणि कधी दिसलं, यासाठी `reaction` आहे. आणि `verificationStatus` मध्ये `unconfirmed`, `confirmed` यांच्यासोबत `refuted` हा पर्याय आहे, म्हणजे ‘तपासलं, ॲलर्जी नाही’. मूळ आराखड्यात यातलं काहीही भरणं सक्तीचं नाही. मी जी सॉफ्टवेअर वापरली, त्यांत औषधाचं नाव टाकून ‘होय’वर टिचकी मारली की काम संपतं.

माझी मागणी एवढीच की तुमच्याशी जोडल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता देताना तीन गोष्टी सक्तीच्या करा. औषधाच्या नावाबरोबर काय झालं, डोसनंतर किती वेळाने झालं आणि कोणत्या वर्षी झालं, हे भरल्याशिवाय नोंद पूर्ण होऊ नये. रुग्णाला आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हाही पर्याय असावा, आणि ती नोंद आपोआप `unconfirmed` राहावी. जुलाब-मळमळ `intolerance` मध्ये जावं. आणि कुणी `refuted` केलं, तर जुनी नोंद पुसू नये. तिच्यावरच तारीख, दिलेला डोस आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक ठळक दिसावा, म्हणजे पुढचा माणूस ती अजाणता पुन्हा जिवंत करणार नाही.

यात एक अडचण आहे, ती आधीच सांगते. बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला मिळतात दोन-तीन मिनिटं, आणि चार प्रश्न वाढले की लोक काहीतरी भरून मोकळे होतात. म्हणून हे प्रश्न डॉक्टरांच्या नाही, तर केसपेपर काढणाऱ्या नर्सच्या किंवा फार्मासिस्टच्या पडद्यावर द्या, आणि मराठीत द्या: ‘गांधी उठल्या होत्या का? ओठ-पापण्या सुजल्या? धाप लागली? की चक्कर आली? की पोट बिघडलं?’ हे विचारायला डॉक्टर लागत नाही. उत्तर वाचून ठरवायला लागतो. तपासून नोंद `refuted` करण्याचा अधिकार कोणत्या पात्रतेच्या डॉक्टरांना द्यायचा, हे तुम्हाला ठरवावं लागेल. निदान ॲड्रेनलिन आणि तासभराची देखरेख जिथे आहे, त्या ठिकाणी तो असावा असं माझं मत आहे.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक फिजिशियन