भिंत एकच, रोल तीन की चार?

वॉलपेपर घेताना भिंतीचे चौरस फूट काढून त्याला रोलच्या चौरस फुटांनी भागलं, की हिशेब चुकू शकतो, कारण कागद भिंतीवर उभ्या पट्ट्यांनी चढतो. बारा फूट रुंद, दहा फूट उंच भिंत घ्या. रोल २१ इंच रुंद, ३३ फूट लांब असेल, तर सात पट्ट्या लागतात. वर-खाली कापायला चार इंच धरले, की प्रत्येक पट्टी १२४ इंचांची. साध्या कागदाच्या एका रोलमधून अशा तीन पट्ट्या निघतात, म्हणजे तीन रोल पुरतात. पण नक्षी दर २४ इंचांनी पुन्हा येत असेल, तर शेजारच्या पट्टीशी फुलं जुळवायला प्रत्येक पट्टीमागे सहा पूर्ण नक्ष्या, म्हणजे १४४ इंच खर्ची पडतात. रोलमधून दोनच पट्ट्या निघतात आणि चार रोल लागतात. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचंच: नक्षी २५ इंचांची, म्हणजे आणखी मोठी असती, तर पाच नक्ष्यांत १२५ इंच झाले असते आणि तीनच रोल पुरले असते! म्हणून लेबलवरचा नक्षीचा आकडा आपल्या भिंतीच्या उंचीशी ताडून पाहा, आणि सगळे रोल एकाच बॅच नंबरचे एकदमच घ्या. नंतर आणलेल्या रोलच्या रंगातला फरक सांध्यावर दिसू शकतो.