कवचाखालचा डीट्रॅक

भारतीय बँकांच्या एटीएममध्ये शिरून कार्डांची माहिती वाचणारे आणि साठवून ठेवणारे एक मालवेअर कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांना २०१८ मध्ये सापडले. त्याचे नाव त्यांनी एटीएमडीट्रॅक ठेवले. त्याच्या आतल्या कोडचे ठसे घेऊन शोध पुढे नेल्यावर त्याच कुळातले, पण एटीएमशी संबंध नसलेले हेरगिरीचे साधन हाती लागले. ते डीट्रॅक. सप्टेंबर २०१९ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा नमुन्यांची संख्या १८०च्या वर गेली होती. कळफलकावरच्या नोंदी घेणे, ब्राउझरचा इतिहास उचलणे, चालू प्रक्रियांची आणि सर्व डिस्कवरच्या फाइलींची यादी करणे ही त्याची कामे. संशोधकांनी त्याचा संबंध लॅझरस टोळीशी जोडला.

आपल्या कामासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. संशोधकांच्या हाती पडलेल्या फाइली म्हणजे निव्वळ बाहेरची कवचे होती. खरे मालवेअर त्यांच्या आत कूटबद्ध होते आणि कवचेही निरनिराळी होती. नमुने एकमेकांशी जुळले ते स्मृतीतून काढलेल्या डम्पमध्ये समान बाइटमालिका दिसल्यामुळे. म्हणजे कवच उतरवून आतल्या गोष्टीची नीट नोंद ठेवली गेली, म्हणून हे कुळ ओळखता आले. उद्या सेलूच्या एखाद्या बँक शाखेतल्या संगणकावरून अशी फाइल आपल्यापर्यंत आली, तर आपल्या टिपणात तेवढा ऐवज असेल का, हा या अंकाचा प्रश्न आहे.

डीट्रॅकचे कवच बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ते कुठल्याही प्रसिद्ध पॅकरचे नाही. रचणाऱ्यांनी एक निरुपद्रवी प्रोग्रॅम घेतला, काही नमुन्यांत तर व्हिज्युअल स्टुडिओ आपोआप तयार करून देते तो एमएफसी प्रकल्पच, आणि त्यात आपला कोड घुसवला. उलगडणारा भाग `start()` आणि `WinMain()` यांच्या दरम्यान कुठेतरी सुरू होतो. डिसअसेम्ब्लर आपल्याला सवयीने थेट `WinMain()` वर नेऊन सोडतो. तिथे साधा, स्वच्छ प्रोग्रॅम दिसतो आणि घाईतला विश्लेषक फाइल निर्दोष ठरवून मोकळा होतो. पॅकर ओळखणारी साधनेही अशा फाइलीवर फक्त कंपायलरचे नाव दाखवू शकतात. ‘पॅकर आढळला नाही’ या ओळीचा अर्थ एवढाच, की त्या साधनाच्या संग्रहातली कोणतीही खूण जुळली नाही.

मग संशय कशावरून घ्यायचा? फाइलीच्या शेपटीवरून. पीई फाइलीच्या शीर्षकात प्रत्येक सेक्शन फाइलीत कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे ते दिलेले असते. शेवटचा सेक्शन जिथे संपतो त्यापुढे उरलेला मजकूर म्हणजे ओव्हरले. डीट्रॅकच्या ओव्हरलेमध्ये कूटबद्ध स्वरूपात तीन गोष्टी होत्या: दुसरी एक एक्झिक्युटेबल, प्रोसेस हॉलोइंग करणारा शेलकोड आणि प्रोग्रॅमच्या नावांची एक यादी. ओव्हरले आहे म्हणून फाइल वाईट ठरत नाही. डिजिटल स्वाक्षरी सेक्शनांच्या पुढेच असते आणि इन्स्टॉलरही आपला माल तिथेच ठेवतात. म्हणून आधी स्वाक्षरीचा भाग वजा करावा, मग उरलेल्या तुकड्याची एन्ट्रॉपी पाहावी. ती आठच्या अगदी जवळ असेल तर मजकूर कूटबद्ध आहे किंवा दाबलेला आहे. झिप किंवा चित्र असेल तर सुरुवातीच्या बाइट ओळख देतात. ओळखच लागत नसेल, तर तो तुकडा वेगळा जतन करून त्याचा हॅश लगेच लिहून ठेवावा.

आता सॅण्डबॉक्स. आभासी यंत्राचा स्वच्छ स्नॅपशॉट घ्या, यजमान संगणकाशी जोडलेली सामायिक फोल्डरे आणि क्लिपबोर्ड बंद करा, जाळे बाहेर जाऊ देऊ नका, त्याजागी फेकनेटसारखे खोटी उत्तरे देणारे साधन बसवा. स्वयंचलित सॅण्डबॉक्सच्या काही मिनिटांच्या अहवालात अशा नमुन्याबद्दल फारसे काही येत नाही. System32 मधला एखादा साधा प्रोग्रॅम सुरू झाला, एवढीच नोंद मिळते. डीट्रॅकच्या यादीत `fontview.exe`, `charmap.exe`, `write.exe`, `mobsync.exe` अशी नावे होती. ही सगळी मायक्रोसॉफ्टची खरी, स्वाक्षरी असलेली साधने आहेत, त्यामुळे नजर त्यांच्यावरून घसरते. पण फॉन्ट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा जनक डाउनलोड्स फोल्डरमधली अनोळखी फाइल असेल, तर तिथे थांबलेच पाहिजे.

हॉलोइंगचा क्रम ठरलेला आहे. निवडलेला प्रोग्रॅम थांबलेल्या अवस्थेत सुरू केला जातो, त्याच्या स्मृतीत मालवेअर लिहिले जाते, धाग्याचा प्रारंभबिंदू बदलला जातो आणि मग तो धागा चालू केला जातो. डीबगरमध्ये या वाटेवर ब्रेकपॉइंट लावायचे:

```
bp CreateProcessW
bp WriteProcessMemory
bp SetThreadContext
bp ResumeThread
```

पहिल्या ठिकाणी थांबल्यावर निर्मितीच्या फ्लॅगमध्ये `0x4`, म्हणजे `CREATE_SUSPENDED`, आहे का ते पाहावे. `WriteProcessMemory` वर तिसरा आर्ग्युमेंट महत्त्वाचा. ३२ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये फंक्शनच्या प्रवेशापाशी तो `[esp+0xC]` ला असतो, ६४ बिटांत `r8` मध्ये. तो ज्या बफरकडे बोट दाखवतो तिथे `MZ` ही अक्षरे दिसली की आतली फाइल उलगडलेली आहे आणि अजून चाललेली नाही. त्या स्मृतिक्षेत्राच्या सुरुवातीपासून संपूर्ण क्षेत्र डम्प करावे. फक्त त्या एका हाकेत लिहिला जाणारा भाग उचलू नये, कारण शीर्षक आणि प्रत्येक सेक्शन बहुधा वेगवेगळ्या हाकांत लिहिले जातात आणि मग हाती नुसते शीर्षक उरते.

हा क्षण हुकला तर `ResumeThread` वर थांबून मुलाच्या प्रक्रियेतून डम्प काढता येतो. पीई-सीव्ह हे साधन डिस्कवरची मूळ फाइल आणि स्मृतीतली प्रतिमा यांतला फरक दाखवून डम्पही काढून देते. पण या डम्पची मांडणी वेगळी असू शकते. फाइलीत सेक्शन बहुधा ५१२ बाइटच्या सीमांवर बसतात, स्मृतीत ४०९६ बाइटच्या. मांडणी स्मृतीतलीच असेल तर ती फाइलीसारखी केल्याशिवाय डिसअसेम्ब्लर चुकीच्या जागा वाचतो, आयात तक्ता रिकामा किंवा निरर्थक दिसतो आणि उलगडणेच फसले असा समज होतो. एकही ब्रेकपॉइंट लागला नाही, तर नमुना `NtWriteVirtualMemory`, `NtResumeThread` यांच्या पातळीवर उतरून काम करतो आहे का ते पाहावे. तो थेट सिस्टिम कॉल करत असेल, तर तिथेही तो हाती लागत नाही आणि प्रक्रियेच्या स्मृतीवरच लक्ष ठेवावे लागते.

प्रसिद्ध पॅकरांविषयी थोडक्यात. यूपीएक्स ओळखणे सोपे: `UPX0` सेक्शनचा फाइलीतला आकार शून्य असतो पण स्मृतीतला मोठा, `UPX1` मध्ये दाबलेला मजकूर असतो आणि आयात यादीत मोजकीच फंक्शने उरतात. `upx -d` चालले तर काम झाले. नावे किंवा `UPX!` ही खूण मुद्दाम बिघडवलेली असेल तर ते चालत नाही. पण रिकामा सेक्शन आणि त्यात शेवटी जाणारी लांब उडी तशीच राहते, त्या उडीवर थांबून डम्प घेता येतो. व्हीएमप्रोटेक्ट आणि थेमिडा यांची गोष्ट निराळी. त्यांत निवडलेला कोड त्यांच्या स्वतःच्या आभासी प्रोसेसरच्या आज्ञांत बदललेला असतो, म्हणून डम्प मिळाला तरी तो भाग मूळ रूपात परत येत नाही. अशा वेळी वर्तनाची नोंद करून तेवढ्यावर निष्कर्ष मर्यादित ठेवावा आणि तसे स्पष्ट लिहावे.

टिपणांकडे आपल्या क्षेत्रात सर्वांत कमी लक्ष दिले जाते असे आमचे स्पष्ट मत आहे. मूळ फाइलीचा हॅश सगळे लिहितात. ओव्हरलेचा आणि डम्पचा लिहिणारे थोडे, आणि डम्प कुठून काढला हे लिहिणारे त्याहून थोडे. बफरमधून, चालण्याआधी काढलेली फाइल दुसऱ्या विश्लेषकाने तशीच आणि तेवढीच काढली तर हॅश जुळतो. चालू प्रक्रियेतून काढलेल्या डम्पचा हॅश मात्र दर वेळी बदलू शकतो, कारण पत्ते सरकलेले असतात, आयात तक्ता भरलेला असतो, चल बदललेले असतात. दोन कार्यालयांनी एकाच नमुन्याचे दोन वेगळे हॅश लिहिले आणि दोन स्वतंत्र हल्ले समजले, हा घोळ ‘डम्प: `WriteProcessMemory`चा स्रोत बफर, पहिली हाक’ एवढ्या एका ओळीने टळतो. सोबत साधनाची आवृत्ती, स्नॅपशॉटचे नाव आणि वेळ हवी. जे पाहिले आणि जे अनुमान केले ते एका वाक्यात मिसळू नये. ‘`fontview.exe` थांबलेल्या अवस्थेत सुरू झाले’ हे निरीक्षण. ‘हा डीट्रॅक आहे’ हे अनुमान, आणि त्याखाली कोणत्या बाइटमालिका जुळल्या ते आले पाहिजे.

आतल्या मजकुरात बळीची ओळखही असू शकते. मुंबईत मुख्यालय असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या यंत्रणेत मालवेअर सापडल्याचे मान्य केले. सर्ट-इनने त्याची सूचना ४ सप्टेंबरलाच दिली होती. बाधित संगणक प्रशासकीय कामासाठी इंटरनेटशी जोडलेल्या जाळ्यातला होता आणि अंतर्गत महत्त्वाच्या जाळ्यापासून अलग होता, असे कंपनीने सांगितले. ही कबुली येण्याआधीच डीट्रॅकचा एक नमुना व्हायरसटोटलवर सर्वांना दिसत होता आणि त्यात कंपनीच्या कुडनकुलम प्रकल्पाच्या जाळ्याचे नाव थेट कोडमध्ये लिहिलेले होते. म्हणून सार्वजनिक सेवेवर आधी हॅश शोधावा. फाइल चढवायची की नाही, हा निर्णय तिच्या मालकाचा आहे. उलगडलेली फाइल तर कधीच परस्पर चढवू नये, कारण मूळ फाइलीत दडलेले तिच्यात उघडे पडलेले असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे नोंदवावे लागते. प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. सेलूतून आलेला नमुना वर्ध्याच्या न्यायालयात उभा राहील तेव्हा तिथे आपले आभासी यंत्र नसेल, आपले टिपण असेल. मूळ फाइलीचा आणि उलगडलेल्या फाइलीचा असे दोन्ही हॅश, आणि दुसरी फाइल पहिलीतून कोणत्या पावलांनी निघाली याची नोंद, टिपणात नसेल तर ते पुढे पाठवू नका. पुन्हा स्नॅपशॉटवर जा आणि ती नोंद पूर्ण करा.