वज्रेश्वरीच्या यात्रेत पायऱ्यांवर लक्ष हवं

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीला देवीपर्यंत पायऱ्या चढूनच जावं लागतं. साताऱ्याच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी घात झाला तोही पायऱ्यांवरच. नारळाच्या पाण्याने त्या निसरड्या झाल्या, पुढचे पडले, मागच्यांना कळलंच नाही. सुमारे ३०० भाविक गेले. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची वाट वेगळी ठेवणं हे आयोजक आणि पोलिसांचं काम. भाविकांवर ढकलून चालणार नाही.

चौरस मीटरमध्ये पाच-सहाहून जास्त माणसं झाली की पाय आपले राहत नाहीत. खूण सोपी आहे, दोन्ही खांदे दाबले जाऊ लागतात. तेव्हाच बाजूला निघावं. अडकलात तर हात छातीपुढे धरा, श्वासाला जागा राहते. चेंगराचेंगरीत माणसं बहुतेक गुदमरूनच जातात. उलट रेटू नका. रेटा थांबला की तिरकं कडेला सरका. चप्पल सुटली तरी वाकू नका.