‘यथाशक्ती’ हा आकडा नव्हे

“ई-मेल ही नुसती औपचारिकता हो. खरं काय ते जोडलेल्या कागदांत असतं.” चेंबूरमध्ये नववी-दहावीच्या चाळीस मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या एक ताई मला सांगत होत्या. तीन कंपन्यांना सीएसआर निधीसाठी ई-मेलने अर्ज गेले, एकीचंही उत्तर नाही. मी मजकूर वाचला. आधी संस्थेचा इतिहास, मग शिक्षणाचं महत्त्व, शेवटी ‘यथाशक्ती सहकार्य करावे’. ही मुलं दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, तिथे वही उघडायला जागा नसते, हे कुठेच नव्हतं.

त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. कागद उघडायचे की नाही, हे ई-मेल वाचूनच ठरतं.

“आकडा पाहून माणूस बिचकतो,” हा त्यांचा दुसरा मुद्दा. पण सीएसआर पाहणारा माणूस स्वतःच्या खिशातून देत नाही. त्याला प्रस्ताव वरिष्ठांपुढे मांडायचा असतो. रक्कमच नसेल तर मांडणार काय?

आम्ही हिशेब केला. दहा महिन्यांचे दोन शिक्षकांचे २,४०,०००, जागेचं भाडं ८०,०००, वह्या-पुस्तकं ६०,००० आणि अर्धवेळ समन्वयक १,००,०००. एकूण ४,८०,०००. भाडं संस्था स्वतः उभं करते, म्हणून मागणी ४,००,०००. हे ई-मेलमध्ये लिहायलाच हवं. नाहीतर अंदाजपत्रकात वेगळा आकडा दिसला की वाचणाऱ्याला चूक वाटते.

समन्वयकाचं मानधन त्यांनी ‘इतर खर्चा’त दडवलं होतं. कारण काय, तर प्रशासकीय खर्चावरची पाच टक्क्यांची मर्यादा. ही भीती अगदी निराधार नव्हती. २०१४ च्या नियमांत अंमलबजावणी करणाऱ्या संस्थांच्या क्षमतावाढीचा खर्चही त्या मर्यादेत धरला होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चापुरती उरली, आणि प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात येत नाही. एखादी कंपनी स्वतःची वेगळी अट घालू शकते, ते आधी विचारावं. पण रोज हजेरी घेणारी, गैरहजर मुलाच्या घरी जाणारी बाई ‘इतर’ कशी? तिच्यावाचून अभ्यासिका चालत नाही. तिचं मानधन उघडपणे, कामासकट लिहावं.

माहुलच्या रिफायनऱ्या किंवा आरसीएफ यांना लिहिताना चेंबूरचा पत्ता पहिल्याच ओळीत यावा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितलं आहे.

राहता राहिले कागद. ताईंनी जोडलेल्या फाइलचं नाव होतं scan0012.pdf. आत ८०जीचं तात्पुरतं प्रमाणपत्र होतं, आणि त्याची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. नियमित नोंदणी झाली होती, पण तो आदेश कपाटातच राहिला. मान्यता कोणत्या करनिर्धारण वर्षापर्यंत आहे, हे आदेशावर छापलेलं असतं. ते वाचूनच जोडावं. आता ई-मेलच्या शेवटी नोंदणी, १२ए, ८०जी, सीएसआर-१ चा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि अंदाजपत्रक अशी क्रमवार यादी आहे, आणि फाइलींना तेच क्रमांक.

विषयाची ओळ अशी झाली: ‘चेंबूर अभ्यासिका, ४० विद्यार्थी, १० महिने: रु. ४,००,००० साठी विनंती’.